'इथे सही करा' की 'इथे सही कराल का'? काकांना नेमका राग कशाचा आला?

रक्तगट_बी
मंडळी, प्रश्न भाषेचा आहे, पण मला व्याकरण नकोय, व्यवहार हवाय.

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबच्या कलेक्शन सेंटरला बसते. सकाळी ७ ते १० उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते, त्यातले निम्मे तरी साठीच्या पुढचे. चहासुद्धा न घेतलेला पुणेकर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले, सत्तरीचे असतील. फॉर्म पुढे सरकवून मी म्हटलं, "इथे सही करा." त्यांनी हातातलं पेन शांतपणे खाली ठेवलं. "ही ऑर्डर आहे का?" म्हणाले. मी गडबडले. सही केली त्यांनी, पण जाताना तक्रारवहीत चार ओळी लिहून गेले.

मग वरून फतवा आला. यापुढे 'करा' म्हणायचं नाही, प्रत्येक वाक्य 'कराल का' असंच हवं. सोबत एक छापील कागद, त्यातलं एक वाक्य असं: "आपण कृपया आपला हात पुढे करू शकाल का?" दुसऱ्याच दिवशी एका आजींना मी अगदी गोड आवाजात विचारलं, "आजी, इथे सही कराल का?" आजी म्हणाल्या, "नाही केली तर चालेल?" मी म्हटलं, नाही. "मग विचारतेस कशाला?"

आता तुम्हीच सांगा. अनोळखी आणि वयाने मोठ्या माणसाला काय म्हणायचं?

खमंग_काकडी
आजी जिंकल्या. धागा बंद करा. (की कराल का?)

सरळरेषा
यात वाद कसला? 'करा' हा आज्ञार्थ आहे, नावातच आज्ञा आहे. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला आज्ञा करत नाहीत. अनोळखी असेल तर नाहीच नाही. 'कराल का' हेच बरोबर, तुमच्या वरच्यांनी योग्य तेच सांगितलं. आजींनी गंमत केली असेल.

जुना_मुद्रितशोधक
सरळरेषा, नावावर जाऊ नका. शाळेच्या व्याकरणातसुद्धा आज्ञार्थाखाली आज्ञेबरोबर विनंती, उपदेश, प्रार्थना, आशीर्वाद हे सगळं असायचं. "देवा, सांभाळ" ही काय देवाला आज्ञा आहे? "सुखी राहा" म्हणणाऱ्या आजोबांनी नातवाला ऑर्डर दिली?

'करा' उद्धट की 'कराल का' नम्र, हे नुसत्या क्रियापदावरून ठरत नाही. काम कोणाच्या सोयीचं आहे, यावर ठरतं. पाहुणा दारात आला की आपण "या, बसा" म्हणतो. "याल का? बसाल का?" म्हटलं तर तो उंबऱ्यावरूनच परत फिरेल. ताटात आग्रह करताना "घ्या हो, अजून एक घ्या" असंच म्हणायचं. बसणं, खाणं, विसावणं हे समोरच्याच्या सुखाचं, तिथे जितका जोर तितका आदर. प्रश्न विचारला की आपण हात आखडता घेतोय असं वाटतं.

उलट माझी बॅग वरच्या फळीवर चढवायची आहे आणि शेजारी अनोळखी माणूस उभा आहे. त्याचं हे काम नाही, त्यात त्याला काही मिळायचं नाही. तिथे "बॅग वर ठेवा" म्हटलं तर तो माझ्याकडे बघत राहील, हमालासारखं सांगितलं म्हणून. तिथे "एवढी बॅग वर ठेवाल का?" असंच हवं. त्याला नाही म्हणायला जागा ठेवायची, म्हणजे तो हो म्हणतो.

तिसरा प्रकार दुकानाचा. "अर्धा किलो साखर द्या." वाण्याला "साखर द्याल का?" म्हणून बघा. तो आधी विचारेल, उधारीवर का? देणं हे त्याचं रोजचंच काम आहे, विनवणी केली की त्याला शंका येते.

पुणेरी_दुपार
"चहा घेणार का?" हा प्रश्न आमच्या गल्लीत नम्रता म्हणून नाही, बचत म्हणून विचारला जातो. त्यापुढची पायरी: "चहा घेऊनच आला असाल ना?"

खमंग_काकडी
हहपुवा.

न्यूजर्सीची_सून
रच्याकने, 'करू शकाल का' वरून आठवलं. माझा मुलगा इथे जन्मलेला, मराठी घरात बोलतो पण डोक्यात सगळं इंग्रजी. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. लेकाने अगदी शहाण्यासारखं विचारलं, "आजी, तू मला पाणी देऊ शकतेस का?" सासूबाई म्हणाल्या, "शकते की. हात धड आहेत माझे. पण तूही शकतोस, ऊठ आणि घे." तो बिचारा दिवसभर विचारत होता, मी तर पोलाइटली विचारलं ना?

मी त्याला 'शकतेस'ऐवजी "आजी, पाणी देतेस का जरा?" शिकवलं. लगेच मिळालं. वर लाडूही मिळाला.

जुना_मुद्रितशोधक
न्यूजर्सीची_सून, नेमकं. 'शकाल का' ऐकलं की जुना माणूस ताकदीचा प्रश्न समजतो. "जिना चढू शकाल का?" हे खरं विचारणं आहे, गुडघ्यांची चौकशी आहे. "सही करू शकाल का" म्हणजे मला लिहितावाचता येतं का, अशी शंका घेतल्यासारखं.

आणि तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. 'देतेस का' यात 'तू' आहे, तरी ते गोड लागलं. आदर आणि आर्जव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदर 'तुम्ही'मध्ये बसतो, आर्जव त्या 'का'मध्ये. एटीएमपाशी एखादे आजोबा कॉलेजच्या पोराला म्हणतात, "बाळ, एवढं वाचून दाखवशील का?" तिथे तू आहे, पण विनंती अगदी मऊ आहे. उलट "तुम्ही बाजूला व्हा" यात तुम्ही आहे, पण मायेचा लवलेश नाही. त्या छापील कागदावाल्यांनी दोन्हींची गल्लत केली. आपण, कृपया, शकाल, का, सगळं एकाच वाक्यात कोंबलं.

लग्नघर_२
वाचत होते म्हणून विचारते. माझ्या मुलीचं लग्न आहे, पत्रिका छापायला द्यायची आहे. मुलगी म्हणते 'यावे' जुनाट वाटतं, 'तुम्ही याल का?' असं छापूया, मॉडर्न. काय करू? ह्यांना विचारलं तर हे म्हणतात आधी हॉल बघू.

पुणेरी_दुपार
'याल का' छापा. निम्मे लोक येणार नाहीत, जेवणाचा खर्च वाचेल.

जुना_मुद्रितशोधक
लग्नघर, 'अगत्य येण्याचे करावे' हे एवढी वर्षं उगाच छापलं जात नाही. 'करावे' हे ना 'करा'सारखं समोर उभं राहून सांगणं, ना 'कराल का'सारखं उत्तर मागणं. ते बाजूला उभं राहून इच्छा सांगतं. पसायदानातलं मागणंही 'द्यावें' असंच आहे. कागदावर 'करावे' शोभतं. तोंडाने मात्र कोणाला "काका, सही करावी" म्हटलं तर काका मागे वळून बघतील, नाटकाची तालीम चाललीय का म्हणून.

वैनगंगेकाठचा
तुम्ही पुण्याचे लोक 'का' वर एवढी चर्चा करून राहिले. आमच्याकडे एक 'न' लावला की झालं. "भाऊ, खिडकी लावून द्या न." "काकाजी, सही करून द्या न जी." करा पण झालं, विनंती पण झाली, कोणी रागावत नाही. नागपूरला रिसेप्शनवर बसल्या असत्या तर ही तक्रारवही कोरी राहिली असती.

मिरज_जंक्शन
आमच्याकडे 'की'. "बसा की, घ्या की, सांगा की." पण हा 'की' आग्रहाचा. रांगेतल्या अनोळखी म्हाताऱ्याला "सही करा की" म्हटलं तर त्याला वाटेल, ही मघापासून माझ्यासाठी खोळंबली आहे. तुमचा 'न' चालतो तिथे आमचा 'की' चालतोच असं नाही.

बाकी मला 'कराल का' रोजच्या बोलण्यात जरा पुस्तकी वाटतं. एसटीत खिडकी उघडी आहे, पाऊस आत येतोय, तर "खिडकी लावता का जरा?" असं म्हणतो आपण. आत्ता, हाताशी असलेलं काम, तिथे 'करता का'. "येताना पाव आणाल का?" हे मात्र बरोबर, कारण आणणं पुढे व्हायचंय. हात पुढे करायला कितीसा वेळ लागतो? मग "हात पुढे करता का" तरी म्हणा. कराल का म्हटलं की पेशंट कॅलेंडर बघायला लागेल.

सरळरेषा
मिरज, हे पटलं नाही. "जरा सरकाल का?" मी रोज लोकलमध्ये म्हणतो, आत्ताच सरकायचं असतं, कोणी कॅलेंडर बघत नाही.

आणि जुने मुद्रितशोधक, तुमचंच माप लावतो. लॅबच्या फॉर्मवरची सही कोणाच्या सोयीची? लॅबच्या. उद्या काही झालं तर त्यांच्या फायलीत कागद हवा म्हणून. मग तुमच्याच नियमाने ती बॅग वर ठेवण्याच्या रांगेत बसते, आणि तिथे 'कराल का'च हवं. काका बरोबर होते!

जुना_मुद्रितशोधक
मुद्दा चांगला आहे, मान्य. पण मग आजीही बरोबर होत्या. सही टाळता येत नाही. जिथे नाही म्हणायची सोयच नाही तिथे 'का' लावला की तो दिखाऊ होतो, आणि म्हाताऱ्या माणसाला असला दिखाऊपणा लगेच कळतो. 'कराल का' खऱ्या अर्थाने विचारलं तरच गोड.

रक्तगट_बी, एक विचारतो. त्या दिवशी 'इथे सही करा'च्या आधी काय म्हणालात? काका, आजोबा, नमस्कार, काही?

रक्तगट_बी
खरं सांगू? काहीच नाही. मी बिल काढत होते, नजर स्क्रीनवर होती, एका हाताने फॉर्म सरकवला आणि बोटाने जागा दाखवली. आता तुम्ही विचारल्यावर ते डोळ्यापुढे आलं.

जुना_मुद्रितशोधक
मग बिचाऱ्या 'करा'ला कशाला फाशी?

शोभा_६८
मी अडुसष्ट वर्षांची आहे, म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही बोलताय त्यातली. आमचं पण ऐका.

मला 'करा'चा राग कधीच येत नाही. "आजी, जरा हात सरळ करा" यात काय वाईट आहे? मला राग येतो तो 'करायचं'चा. लॅबमध्ये, दवाखान्यात सगळीकडे हल्ली तेच. "हात सरळ ठेवायचा हं, घाबरायचं नाही, मूठ उघडायची नाही." मी बालवाडीत आहे का? तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, ही भाषा मी पहिलीच्या पोरांशी वापरायचे. त्या मुली गोड असतात, प्रेमाने बोलतात, ते कळतं. पण त्यात 'तुम्ही' पुसला जातो. समोर माणूस आहे की शिस्त लावायची वस्तू, असं वाटतं.

आणि 'कराल का' नेहमी गोड असतं असंही समजू नका. माझा मुलगा वैतागला की म्हणतो, "आई, आता माझं ऐकशील का?" हे मी सुनेला म्हणते ती, "अहो, आता टीव्ही बंद कराल का?" त्यात विनंती शोधायला दुर्बीण लागेल. 'आता' आणि 'का' एकत्र आले की भांडण समजावं.

शोभा_६८
वरती चुकून लिहिलं. 'हे मी सुनेला म्हणते' नाही, 'माझी सून ह्यांच्या मुलाला म्हणते' असं वाचा. चष्मा नव्हता.

खमंग_काकडी
शोभाताई, 'असं वाचा' म्हणालात, 'असं वाचाल का' नाही. नोंद घेतली.

शोभा_६८
तू वाच. गप्प.

क्ष_किरण
मी एक्सरे टेक्निशियन आहे, छातीचा एक्सरे काढताना आमची सगळी मराठी सहा शब्दांची: "श्वास घ्या. धरून ठेवा. आता सोडा." इथे 'श्वास घ्याल का' म्हटलं तर पेशंट 'हो' म्हणतो आणि त्या 'हो'मध्येच श्वास सोडतो. फोटो हलतो, परत काढावा लागतो. एकदा नव्या मुलाने नेमकं हे केलं होतं. एका बाबांनी मान वळवून विचारलं, "किती घेऊ?"

जिथे वेळ साधायची असते तिथे 'करा'च. फक्त मी सुरू करण्याआधी एकदा सांगून ठेवतो: "बाबा, मी आतून सांगेन तेव्हा श्वास धरायचा, चार सेकंदांचं काम." शोभाताई, हे 'धरायचा' चालेल का? मला वाटतं पुढची कृती समजावताना 'करायचं' चालावं.

शोभा_६८
समजावताना चालेल. "घाबरायचं नाही" तेवढं गाळा. मी घाबरलेली नसते, मला थंडी वाजत असते. तुमच्या खोलीत एसी केवढा असतो!

वैनगंगेकाठचा
क्ष_किरण, आमच्याकडे 'मंग सांगजो' म्हणतात, पुढच्या वेळेसाठी सांगायचं असलं की. 'रिपोर्ट आला की फोन करजो.' 'तू'साठी करजो, 'तुम्ही'साठी करजा. पुण्यात याला काहीच नाही, तुम्हाला 'करा' आणि 'कराल का' मध्येच मारामारी.

बडोदेकर_मावशी
अरे वा, गुजरातीतही 'करजो' आहे! आम्ही बडोद्याचे मराठी, बाजारात रोज ऐकतो. पण तिथे ते मोठ्या माणसालाही चालतं, 'आवजो' तर निरोप घेताना सगळेच म्हणतात. तुमच्याकडे तो तू झाला होय! आमच्या घरी मराठीत बोलताना सासरे 'करजो' ऐकलं की म्हणायचे, गुजराती उंबऱ्याबाहेर ठेवून ये.

मिरज_जंक्शन
अवांतर वाढलं, पण मजा येतेय. धागाकर्ती कुठे गेल्या?

रक्तगट_बी
आले. आठवडाभर तुमचं वाचून थोडे प्रयोग केले, जमेल तसं सांगते.

पहिलं म्हणजे स्क्रीनवरून नजर काढून माणसाकडे बघायचं आणि 'काका', 'आजी', 'मावशी' जे असेल ते आधी. मग "नाव आणि वय एकदा बघून घ्या, बरोबर असेल तर इथे सही करा." या आठवड्यात एकानेही 'ऑर्डर आहे का' विचारलं नाही. सरळरेषांचा मुद्दा डोक्यात होता म्हणून सही कशासाठी तेही सांगू लागले, "रक्त घ्यायला तुमची परवानगी म्हणून." त्यावर एक आजोबा म्हणाले, "परवानगी आहे, पण कमी घ्या."

रक्त घेताना सगळं 'करा'. बाही वर करा, मूठ आवळा, आता सोडा, इथे कापूस दाबून धरा. 'मूठ आवळाल का' मी कागदाप्रमाणे तीन दिवस म्हणत होते, लोक माझ्या तोंडाकडे बघायचे आणि शीर निसटायची.

'कराल का' उरलं ते खऱ्या अडचणीला. काल मशीन बंद पडलं, एका मावशींना म्हटलं, "मावशी, दहा मिनिटं थांबाल का? नाहीतर उद्या घरी येऊन घेतो." त्या उद्या म्हणाल्या. म्हणजे 'का'ला उत्तर मिळालं, आणि ते 'नाही' होतं, तरी कोणी दुखावलं नाही.

शोभाताई, 'घाबरायचं नाही' बंद केलंय. दिवसातून दोनदा तरी जिभेवर येतं, गिळते.

सरळरेषा
सही कशासाठी ते सांगता म्हणजे माझं थोडं तरी पटलं. पण अजूनही म्हणतो, माझ्या बाबांना कोणी "सही करा" म्हटलं तर ते पेन खाली ठेवतीलच. काका म्हणा नाहीतर महाराज म्हणा. काही माणसांना 'का' लागतोच.

जुना_मुद्रितशोधक
तुमच्या बाबांना नमस्कार. माझ्या ओळखीचे वाटतात.

रक्तगट_बी
छापील कागद मात्र भिंतीवर अजून आहे, काढायची परवानगी नाही. आणि एक नवी भानगड. आमच्याकडे नवीन मुलगी आलीय, ती सगळ्यांना "बसून घ्या, लिहून घ्या, झोपून घ्या" म्हणते. काल ईसीजीला एका काकांना "झोपून घ्या" म्हणाली. काका आडवे झाले, डोळे मिटले. ती इलेक्ट्रोड घेऊन येईपर्यंत घोरत होते.

शोभा_६८
यासाठी वेगळा धागा काढ. मला यावर पुष्कळ बोलायचंय.